त्या डबीत पॉवर स्टीअरिंगचं तेल ओतू नका

«मॅन्युअल गिअरच्या गाडीत क्लच आणि ब्रेकच्या तेलाची डबी एकच असते. क्लच गळला की ब्रेकही जातात, कंपन्या हे लपवतात. उपाय सोपा आहे. त्या डबीत पॉवर स्टीअरिंगचं तेल टाका, क्लच लोण्यासारखा चालतो. नाहीतर डॉट ५ टाका, नंबर जितका मोठा तितकं तेल भारी. एकदा टाकलं की आयुष्यभर बदलायची गरज नाही.»

हा मजकूर माझ्या सासऱ्यांनी मला पाठवला, तोवर नाना पेठेतून पॉवर स्टीअरिंगच्या तेलाची बाटली आणूनही झाली होती. बॉनेट उघडायचं तेवढं बाकी होतं. म्हणून सगळ्यात घातक सल्ल्यापासून सुरुवात करतो.

ब्रेक ऑइल म्हणून आपण जे विकत घेतो, ते डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ असेल तर ग्लायकोल जातीचं असतं. पॉवर स्टीअरिंगचं तेल खनिज तेलाच्या जातीचं. ब्रेक आणि क्लचच्या सिलिंडरांतली रबरं ग्लायकोलच्या हिशेबाने बनवलेली असतात. खनिज तेल लागलं की ती ते पितात, फुगतात आणि मऊ पडतात. पेडल दाबलं की तेलावर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पेडलवरून पाय काढला की दाब त्या भोकातून डबीत परत जातो. फुगलेलं रबर तेच भोक झाकून बसतं. मग पाय काढला तरी ब्रेक थोडे लागलेलेच राहतात, चाकं तापतात आणि तापलं की आणखी आवळतात. क्लचच्या बाजूलाही हाच प्रकार होतो. पेडल वर यायला आळस करतं, क्लच पूर्ण बसत नाही आणि प्लेट घसरून जळते.

कोथरूडमधल्या माझ्या ओळखीच्या एका गॅरेजात गेल्या पावसाळ्यात अशी एक गाडी आली होती. मालकाची तक्रार एवढीच, की गाडी ओढत नाही आणि पुढच्या चाकांतून वास येतो. मिस्त्रीने आधी डबीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतलं रबर फुगून लाटांसारखं वाकडं झालं होतं, पुन्हा नीट बसेना. मग त्याने डबीतलं थोडं तेल काचेच्या ग्लासात पाण्यावर टाकलं. ब्रेक ऑइल असतं तर पाण्यात मिसळून गेलं असतं. इथे वर लाल तवंग तरंगत राहिला. पुढचं काम खर्चाचं होतं, कारण तेल सगळीकडे फिरलेलं होतं. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, कॅलिपरची आणि मागच्या व्हील सिलिंडरची रबरं, होज पाइप, क्लचचे दोन्ही सिलिंडर, सगळं बदलावं लागलं. त्या गाडीचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कवचात, म्हणजे बेल हाउसिंगच्या आत होता, म्हणजे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हातच पोचत नाही.

कोणी हे तेल आधीच ओतलं असेल तर गाडी सुरू करू नका आणि ब्रेक किंवा क्लचचं पेडल एकदाही दाबू नका. तेल डबीतच असेपर्यंत डबी काढून, साफ करून वाचण्याची शक्यता असते. गाडी टो करून न्या.

आता «क्लच गळला की ब्रेकही जातात». बऱ्याच गाड्यांत डबी एक असते हे खरं आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या मॅन्युअल गाड्यांत ही रचना सर्रास दिसते. (बऱ्याच छोट्या गाड्यांत क्लच केबलवर चालतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.) पण टॉर्च घेऊन डबीच्या बाजूला बघा. क्लचकडे जाणारी बारीक नळी डबीच्या कडेला, वरच्या बाजूला जोडलेली असते. ब्रेकची तोंडं तळाशी असतात. क्लच गळू लागला तर तेल त्या नळीच्या तोंडापर्यंतच उतरतं, त्याखालचं तेल ब्रेकसाठी शिल्लक राहतं. क्लचचं पेडल जमिनीला चिकटतं, गिअर पडत नाही, पण ब्रेक लागतात. म्हणजे ज्याला दोष म्हणून सांगितलं जातंय तीच सोय आहे.

याच नळीमुळे एक गोंधळ मात्र नेहमी होतो. ब्रेकची एअर काढताना डबीत तेल भरत राहायला विसरलं, की पातळी त्या तोंडाखाली जाते आणि क्लचमध्ये हवा शिरते. ब्रेक झकास लागतात आणि क्लच मात्र गेलेला. अशा वेळी क्लच किट बदलायला होकार देऊ नका, आधी क्लचच्या निपलमधून एअर काढून घ्या. पातळी मॅक्सवरून सावकाश खाली येत असेल तर बहुतेक ब्रेक पॅड झिजल्याचं लक्षण असतं. पण ती काही दिवसांतच उतरली तर ओतत बसू नका. क्लच पेडलच्या वर, आतल्या बाजूला हात फिरवा आणि बेल हाउसिंगच्या खाली ओल आहे का बघा.

डॉट ५ बद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेचं ब्रेक ऑइलचं मानक एफएमव्हीएसएस ११६ आहे, डॉटचे आकडे तिथूनच येतात. त्यात डॉट ५ हे सिलिकोनचं, जांभळं तेल आहे. बाकीची तिन्ही बिनरंगी ते पिवळसर. सिलिकोन ग्लायकोलमध्ये मिसळत नाही, पाणी शोषत नाही म्हणून आत शिरलेलं पाणी खाली साचतं, आणि हवेचे बुडबुडे धरून ठेवतं. एबीएसच्या गाडीत ते नकोच. डॉट ५.१ हे नाव सारखं वाटलं तरी ग्लायकोलचंच आहे आणि डॉट ४ मध्ये चालतं. झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर सीलबंद डब्यातलं डॉट ४ घ्या, प्रश्न मिटला.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. हायड्रॉलिक क्लचच्या काही मोटरसायकलींत खरोखरच खनिज तेल असतं, ही अफवा तिथूनच निघाली असावी. पण त्या क्लचची डबी वेगळी आणि रबरंही वेगळी. मॅन्युअल गिअरबॉक्सचं स्वतःचं तेलही वेगळं असतं. ते गिअरबॉक्सच्या स्वतःच्या प्लगमधून आत जातं, या डबीशी त्याचा संबंध नाही.

«आयुष्यभर बदलू नका» हेही धोकादायक. ग्लायकोल हवेतला ओलावा शोषतं. त्याच मानकानुसार डॉट ४ चा उकळबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस आणि ३.७ टक्के पाणी शिरल्यावर किमान १५५ अंश. खंबाटकी उतरताना ब्रेक तापले, जुनं तेल उकळलं, की पेडल स्पंजासारखं खाली जातं. बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात, ते पाळा. आणि बदलताना मिस्त्रीला क्लचच्या निपलमधूनही जुनं तेल काढायला सांगा. चारही चाकांतलं बदलतात आणि क्लचच्या नळीतलं काळं तेल तसंच राहतं.