'बजेट उरल्यास बघू' म्हणे!

आज सकाळी गावच्या आरोग्य शिबिराच्या खर्चाचा कागद व्हॉट्सअॅपवर आला आणि माझं डोकंच फिरलं. एकूण अंदाज 60,000. मंडप, खुर्च्या, साउंड 14,000. बॅनर, हार, शाल-श्रीफळ 6,500. जेवण 12,000. औषधं 18,000. डॉक्टरांची गाडी 5,000. शुगरच्या पट्ट्या आणि सुया 4,500. सगळ्यात खाली मी भांडून घालायला लावलेली ओळ, "फेरतपासणीच्या तीन भेटी, 9,000". तिच्यावर आडवी रेघ, आणि शेजारी बारीक अक्षरात "बजेट उरल्यास बघू".

उरल्यास! गावच्या कार्यक्रमात पैसे उरल्याचं कुणी ऐकलंय का?

मी जतला मेडिकल चालवते, त्यामुळं शिबिर झाल्यावर काय होतं ते माझ्या काउंटरवर येऊन पोचतं. आमच्या माहेरच्या शेजारच्या आक्का घ्या. मागच्या शिबिरात त्यांचं बीपी वाढलेलं निघालं, म्हणून रोज एक अशा अॅम्लोडिपिनच्या पंधरा गोळ्या दिल्या. चारेक महिन्यांनी आक्का दुकानात आल्या, पदराची गाठ सोडली आणि एक चंदेरी तुकडा काचेवर ठेवला. पट्टी कात्रीनं कापून वाटलेली, त्यामुळं गोळीचं नाव आणि एक्सपायरी दुसऱ्याच कुणाच्या तुकड्यावर गेलेली. निम्म्या गोळ्या तशाच शिल्लक. म्हटलं, "आक्का, घेतल्या न्हाईत व्हय?" तर म्हणाल्या, "पाय सुजायला लागलं गं. म्हटलं, ह्या गोळीनं किडनी जातीया."

अॅम्लोडिपिननं काहींचे पाय सुजतात. डॉक्टरला कळलं की तो गोळी बदलून देतो, विषय संपला. पण सांगायचं कुणाला? शिबिर उठलं, मंडप उतरला, डॉक्टर मिरजेला गेले. पंधरा दिवसांनी कुणीतरी वस्तीवर जाऊन "काय आक्का, गोळी सोसती का?" एवढं विचारायला हवं होतं. कागदावर रेघ मारलीय ती नेमकी ह्याच प्रश्नावर.

आता म्हणाल, बाईला औषधं खपवायचीत. खुशाल म्हणा. ही औषधं मी खरेदीच्या भावात देते, बिलं कुणीही येऊन बघावीत.

बरं, मंडपच नको असं माझं म्हणणं नाही. जतचं ऊन काय असतं ते मला सांगू नका, म्हातारी माणसं सावलीशिवाय बसणार कुठं? पण रविवारी झेडपीची शाळा मोकळी असते. तपासणी वर्गात करा, बायकांसाठी एका खोलीला पडदा लावा, बाहेर वाट बघणाऱ्यांपुरतं कापड टाका. 5,000 च्या वर जात नाही. उरलेल्या 9,000 मध्ये तिन्ही भेटी बसतात. एका भेटीला जीप आणि डिझेल 1,500, नर्सताईंचं मानधन 1,000, पट्ट्या आणि किरकोळ खर्च 500. पहिली भेट पंधरा दिवसांनी, दुसरी महिन्यानं, तिसरी तीन महिन्यांनी. ह्यात कुठं रॉकेट उडवायचंय?

शाल-श्रीफळावर मी बोलणार नाही. फोटोशिवाय वर्गणी निघत नाही, हे खरंय. मान्य.

औषधांच्या 18,000 वर मात्र बोलणार. यादी बघितली. खोकल्याची बाटली, कॅल्शियम, ताकदीच्या गोळ्या, कंबरदुखीची ट्यूब. गर्दीला हेच आवडतं, पिशवी भरून घरी गेली की शिबिर चांगलं झालं. दोनशे माणसं आली आणि त्यातली तीस बीपी-शुगरची निघाली असं धरा. जेनेरिक गोळ्यांचा घाऊक भाव माणशी रोजचे तीन रुपये धरला तर तीस जणांना तीन महिने पुरतील एवढ्या गोळ्या 8,100 मध्ये येतात. खोकल्याच्या बाटल्या कमी केल्या की पैसे ह्याच रकमेतून निघतात, वेगळी वर्गणी नको.

आणि तीन महिनेच का, तर पुढं आपण पोसायचंच नाहीये. उपकेंद्रात सीएचओ मॅडम आहेत. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासायची सरकारी योजनाच आहे, गोळ्या फुकट मिळतात. कधी साठा संपतो, तेही खरं, म्हणून तर मधला आधार लागतो. आपण फक्त माणूस त्यांच्या रजिस्टरपर्यंत पोचवायचा. दुसऱ्या भेटीला आशाताईंना बरोबर घ्यायचं, तिसऱ्या भेटीला किती जणांची नावं तिकडं चढली ते बघायचं.

पण पोचवायला माणूस सापडायला तर पाहिजे! मागच्या शिबिराची वही मी मागवून बघितली. आक्कांची नोंद अशी: "लक्ष्मीबाई, मळा, बीपी जास्त". बस्स. आडनाव नाही, किती जास्त ते नाही, कोणती गोळी दिली ते नाही, मोबाइल नंबर नाही. आमच्या गावात मळ्यावरच्या लक्ष्मीबाई शोधायला निघालात तर संध्याकाळ होईल. कागदावर "स्वयंसेवक: खर्च नाही" असं लिहिलंय ना, त्याचं हे फळ. आदल्या दिवशी चार पोरं बसवा, त्यांना चहा-वडापाव द्या आणि वही कशी लिहायची ते शिकवा. नंबर घरात असणाऱ्या माणसाचा घ्या, पुण्याला असलेल्या पोराचा घेऊन उपयोग नाही. दोघं कन्नड बोलणारी घ्या, सीमेकडच्या वस्त्यांवर "रिकाम्या पोटी घ्यायची" हे मराठीत सांगून काय कळणार? माणसाला पाच मिनिटं बसवून मगच बीपी बघायला लावा. उन्हातून चालत आलेल्याच्या दंडाला आल्या-आल्या पट्टा गुंडाळला तर आकडा चढणारच. तो खरा की दमणुकीचा, हे कळायलाही फेरतपासणीच लागते.

पोरांवर मी चिडलेली नाही हं. ज्यानं ती रेघ मारली तो पोरगा रात्रीचा जागून हिशोब करतो, स्वतःच्या पेट्रोलचे पैसे कधी मागत नाही. देणगीदार म्हणतात बॅनर मोठा पाहिजे, सरपंच म्हणतात जेवण पाहिजे, त्या बिचाऱ्यानं काटायचं तरी काय? जे कुणाला दिसत नाही ते काटलं.

पण मग आक्कांचं पुढं काय झालं तेही ऐका. त्याच शिबिरात त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला होता, मिरजेची तारीखही मिळाली. मुलानं दोन दिवसांचा रोजगार बुडवला आणि एसटीनं घेऊन गेला. तिथं बीपी 190 निघालं. एवढ्या बीपीवर ऑपरेशन कोण करणार? आटोक्यात आणून या म्हणाले आणि परत पाठवलं. शिबिरानंच शोधलेला मोतीबिंदू, शिबिरानंच सुरू केलेली गोळी, आणि मधला धागा 3,000 च्या एका भेटीपायी तुटला. अहवालात मात्र आक्का दोनदा "लाभार्थी" म्हणून मोजल्यात, एकदा बीपीत आणि एकदा डोळ्यांत. ह्याचा संताप येतो मला.

तारखेचंही बघा. शिबिर दिवाळीच्या तोंडावर धरलंत तर तिसऱ्या भेटीला निम्म्या वस्त्या कुलूपबंद, टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या. अशांना निघतानाच तीन महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी हातात द्या. पट्टी अख्खी द्या, कापायची नाही.

मंगळवारी बैठक आहे. ज्यांच्याकडं जीप आहे त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, डिझेल आपण घालू. मंडपवाल्याला मी आत्ताच फोन लावला होता, अॅडव्हान्स अजून दिलेला नाही.