बचत चाळीस टक्के टाक, सगळे टाकतात

सत्तावीस पानांना काळं बायंडिंग होत नाही, हे मला काल संध्याकाळी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांनी भर लायनीत सांगितलं. रिपोर्ट दोन बोटांत धरून हवेत हलवला आणि म्हणाले, "याला पाठच नाही. नाव कुठं छापू मी?" मागची पोरं हसली. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या एक मावशी होत्या, त्याही हसल्या. सोनेरी अक्षरांत पाठीवर नाव पाहिजे असा कॉलेजचा नियम आहे आणि त्यासाठी कमीत कमी साठ-सत्तर पानं लागतात असा काकांचा नियम आहे, आणि या दोन नियमांच्या मधे माझी इंटर्नशिप.

इंटर्नशिप भोसरीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये केली. प्रोजेक्ट कुणी दिलाच नव्हता, "बघ काय दिसतंय ते" एवढंच सांगितलेलं. मला ऐकू आलं. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद झाल्या की सगळीकडून फुस्स आवाज यायचा. कॉम्प्रेस्ड एअरची, म्हणजे कॉम्प्रेसरमधून पाइपने मशीनना जाणाऱ्या दाबलेल्या हवेची गळती. मशीन चालू असताना हा आवाज दबून जातो म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. पाणी गळलं असतं तर कुणीतरी बादली तरी लावली असती, हवा गळताना दिसत नाही आणि बिल विजेच्या बिलात मिसळून येतं.

"वाढव ना पानं," काका म्हणाले. "कंपनी प्रोफाइल बारा पानं टाक. कॉम्प्रेसरचा इतिहास टाक. माझ्याकडे सगळं तयार आहे." आणि खरंच होतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर `ACK_FINAL_NEW_2` नावाची फाइल आहे, त्यात आभार तयार. प्राचार्य, विभागप्रमुख, गाइड, पूज्य आईवडील आणि शेवटी परमेश्वर, फक्त नावं बदलायची. परमेश्वराचं बदलावं लागत नाही. एकदा म्हणे एका सिव्हिलच्या पोराने घाईत नावं न बदलताच छापून नेलं आणि बंधाऱ्याच्या रिपोर्टमध्ये पॅथॉलॉजी लॅबच्या मॅडमचे मनःपूर्वक आभार मानले. "मग काय झालं?" मी विचारलं. "पास झाला की," काका म्हणाले. हे ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इतक्यात दुकानाच्या मागून टर्रर्र असा आवाज आला, थोडा वेळ चालला आणि बंद झाला. कुणी लक्ष दिलं नाही. काकांनी मात्र माझा रिपोर्ट उघडला. आणि उघडला तो थेट शेवटून, निष्कर्षाचं पान. इतकी वर्षं रिपोर्ट छापून या माणसाला कळलंय की वाचायचं झालं तर तेवढं एकच पान असतं.

"गळती ३० टक्क्यांवरून २१ टक्के. म्हणजे बचत किती? ९ टक्के?" चेहरा असा केला की मी त्यांच्या दुकानात शिळा वडापाव आणलाय. "अरे, ४० टाक. सगळे ४० टाकतात. काल एकाने ६० टाकलंय, तो सोलरवाला होता."

मी म्हणालो, काका, हे मोजलेलं आहे. "कशानं?" मोबाईलच्या स्टॉपवॉचनं. तर लायनीतला एक जण फुसकन हसला. आता खरं तर हसण्यासारखं यात काही नाही, हीच पद्धत आहे. गुरुवारी कंपनीला सुट्टी, एकही मशीन हवा घेत नाही, तेव्हा नुसता कॉम्प्रेसर चालू करायचा. टाकीत ७ बार प्रेशर झालं की तो अनलोड होतो, म्हणजे मोटर फिरते पण हवा दाबत नाही. खरं तर तिथेच थांबायला पाहिजे, कारण हवा वापरणारं कुणीच नाही. पण गळतीमुळे प्रेशर ६ ला येतं आणि तो परत लोड घेतो. लोडचा वेळ आणि अनलोडचा वेळ, बऱ्याच फेऱ्यांचे मोजायचे आणि सरासरी काढायची. आमच्याकडे लोड २४ सेकंद, अनलोड ५६ सेकंद आले. २४ भागिले दोन्हींची बेरीज ८०, म्हणजे ३० टक्के. कॉम्प्रेसर मिनिटाला १२० घनफूट हवा देतो, त्यातली ३६ घनफूट सुट्टीच्या दिवशी भोसरीच्या वातावरणात जात होती.

"बरं मग गळती बंद केलीस ना?" काकांचा सूर आता जरा चौकशीचा. केली. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन मी आणि मेंटेनन्सचे दादा सगळ्या लाइनवर फिरलो. मोठ्या पाइपात काही नव्हतं, सगळं शेवटच्या टोकाला होतं, मशीनजवळ. निळ्या पीयू ट्यूब असतात त्या कुणीतरी घाईत पकडीने तिरक्या कापून फिटिंगमध्ये खुपसलेल्या, त्या आतल्या रबरी रिंगवर नीट बसतच नाहीत आणि बाजूने फुगे येतात. ट्यूबचं टोक कटरने सरळ कापून परत बसवलं की बंद. खर्च शून्य. एअर गनचे दोन कपलर घासून गेले होते ते बदलले. फिल्टरच्या वाटीखालचा ड्रेन कुणीतरी मुद्दाम अर्धवट उघडा ठेवलेला, कारण रोज पाणी सोडायचा कंटाळा.

परत मोजलं. लोड २० सेकंद, अनलोड ९३. इथे एक मजा असते, लोडचा वेळ फार बदलत नाही, अनलोडचा ताणला जातो, त्यामुळे सुधारणा झाली का नाही ते बघायचं तर प्रेशर ७ वरून ६ ला यायला किती वेळ लागतो तिकडे बघायचं. हिशोब आला १८ टक्के.

"मग १८ लिही! २१ कुठून आणलंस?" हे काका. आणि शब्दशः हेच माझे गाइड. काका निदान लायनीत माणसं असताना ओरडले, गाइडनी केबिनमध्ये दार लावून.

झालं असं की १८ आले त्या दिवशी एका व्हीएमसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा, स्पिंडल दुरुस्तीला गेला होता आणि दादांनी त्या मशीनच्या हवेचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवला होता. म्हणजे त्या मशीनच्या आत जी काही गळती आहे ती पहिल्या मोजणीत होती आणि दुसऱ्या मोजणीत नव्हती, ती आम्ही बंद केली नव्हती, ती फक्त व्हॉल्व्हच्या मागे गेली होती. व्हॉल्व्ह उघडून परत मोजलं तर लोड २१, अनलोड ८०, म्हणजे २१ टक्के. उरलेले ३ टक्के त्या व्हीएमसीच्या पोटात आहेत आणि तिचं कव्हर उघडायची परवानगी ट्रेनीला नाही. मी हे तिन्ही आकडे लिहिले, व्हॉल्व्हचंही लिहिलं. गाइडनी त्या परिच्छेदावर लाल पेनने काट मारून बाजूला लिहिलं, "गरज नाही".

"अरे मग गरज नाहीये ना," मावशी म्हणाल्या. त्या आता पूर्ण केसमध्ये शिरल्या होत्या, आधार कार्ड केव्हाच मिळालं होतं त्यांना. "सर म्हणतायत तर काढून टाक बाळा. कोण बघतंय?"

आता हेच. कोण बघतंय. मला राग त्याचा येतो की कुणी बघत नाही म्हणून खोटं लिही म्हणणारेच पुढच्या वर्गात "रिझल्ट अँड डिस्कशन"चे मार्क लावतात. डिस्कशन करायचं कशावर, सोनेरी अक्षरांवर?

काकांनी पान उलटलं. "आणि हे ५८ हजार रुपये काय? सर म्हणत असतील लाख तरी पाहिजेत." बरोबर, सर हेच म्हणाले होते. गळती १२ टक्क्यांनी कमी, मोटर २२ किलोवॅटची, २२ चे १२ टक्के, दोन शिफ्टचे वर्षाला ४८०० तास, युनिटला साधारण ९ रुपये, १ लाख १४ हजार. गोल आणि सुंदर. पण अनलोड झालेला स्क्रू कॉम्प्रेसर फुकट फिरत नाही. आमच्या पॅनलवरचा मीटर लोडला २२ किलोवॅट दाखवतो आणि अनलोडला ७. म्हणजे गळती कमी केली की वाचतात ते मधले १५, सगळे २२ नाहीत. १५ चे ९ टक्के धरून वर्षाचे ५८ हजार होतात. आणि तेही ट्यूब पुन्हा तिरक्या कापल्या नाहीत तर, ज्या कापल्या जाणारच, म्हणून मी दर तीन महिन्यांनी मोजणी करा असं लिहिलंय, ते कुणी करणार नाही तो भाग वेगळा.

काकांनी हे सगळं ऐकलं. मान डोलावली. मला वाटलं पटलं. तर म्हणाले, "खरं लिहिलंस म्हणून पानं कमी भरली बघ."

शेवटी स्पायरल ठरलं. फोटोंची पानं मी रंगीत सांगितली होती, कारण साबणाचे फुगे हाच एक पुरावा आहे, कुठली फिटिंग, आधी कशी, नंतर कशी. काकांनी ती काळी-पांढरी काढली. निळी ट्यूब काळी, फुगे काळे, मागची मशीन काळी. फोटोखाली लिहिलंय "बाणाने दाखवलेली गळती पाहावी" आणि बाण लाल होता, तोही काळ्यात गेला. म्हणालो काका हे परत काढा, तर म्हणाले रंगीत दहा रुपये पान, आणि काढलेल्या पानांचे पैसे तर द्यावेच लागतील, टोनर गेला ना माझा.

तेवढ्यात मागे परत टर्रर्र.

"ते काय आहे?" मी विचारलं. मशीनमधली टोनरची धूळ उडवायला ठेवलेला छोटा कॉम्प्रेसर. संध्याकाळपासून कुणी वापरला नव्हता आणि आपला आपला चालू-बंद होत होता. काका एकदम हळू आवाजात म्हणाले, "सारखा चालतो रे तो. लाइट बिल वाढलंय. तुझं ते घड्याळवालं आमच्या याला चालतं का?"

चालतं. तो पूर्ण बंद होऊन परत सुरू होणारा आहे, पण हिशोब तोच. आत जाऊन बसलो. टाकीखालच्या ड्रेनच्या कॉकवर थुंकी लावून बघितली, मोठा फुगा आला. मावशीही आत डोकावून बघत होत्या. कॉक आवळला तरी थोडी हवा येतच होती, आतली सीट गेलीय, बदला म्हणालो.

काका म्हणाले उद्या बघतो. मग बाहेर येऊन बिल केलं, रंगीत पानांचे वेगळे, काळ्या पानांचे वेगळे, स्पायरलचे वेगळे. एक रुपया सोडला नाही.