म्येनझीवरच्या त्या फॉरवर्डला उत्तर

"चिनी लोकांचं म्येनझी म्हणजे निव्वळ इगो. त्यांना चूक कधीच दाखवू नका. ते 'हो' म्हणाले तर खोटं बोलतायत असं समजा. जेवणात दारू नाकारलीत तर डील गेलं. आणि एकदा त्यांचा फेस गेला की नातं कायमचं संपलं."

म्येनझी म्हणजे माणसाचा चारचौघांतला मान, ज्याला इंग्रजीत फेस म्हणतात. त्याच्यावरचा हा मेसेज परचेस आणि सोर्सिंगवाल्यांच्या ग्रुपवर इतका फिरलाय की नवीन पोरं चीनमधल्या सप्लायरशी पहिला कॉल लावायच्या आधीच हे पाठ करून बसतात, आणि मग जे विचारायला हवं ते विचारत नाहीत, जिथे गप्प बसायला हवं तिथे बोलतात, आणि नुकसान दोन्हीकडे होतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी इगो. इगो माझा माझ्यापाशी असतो, मी खोलीत एकटा असलो तरी असतो. म्येनझीला मात्र बघणारे लोक लागतात, ते चारचौघांनी दिलेलं असतं आणि चारचौघांतच जातं. तीच चूक दोघांत सांगितली तर काही होत नाही आणि साहेबासमोर सांगितली तर माणूस महिनाभर तुमच्याशी नीट बोलत नाही, एवढा फरक फक्त समोर कोण बसलंय त्याने पडतो. शिवाय म्येनझी उसनं देता येतं, इगो कसा देणार? समजा मला एका कारखानदाराकडून घाईत काम करून हवंय आणि आमची ओळख नाही, तर दोघांना ओळखणारा एक माणूस मध्ये पडतो आणि म्हणतो, माझ्याकडे बघून यांचं काम कर. आता नकार दिला तर तो मला दिलेला राहत नाही, मधल्या माणसाचा मान जातो. म्हणून कारखानदार होता होईल तो नाही म्हणत नाही, आणि काम झालं की मधल्या माणसावर त्याचं एक देणं चढतं, त्याला तिथे रेनछिंग म्हणतात. तैवानचे मानसशास्त्रज्ञ ह्वांग क्वांगक्वो यांनी 1987 मध्ये ही सगळी देवाणघेवाण नीट मांडून दाखवली होती, की मागणारा कोण, ज्याच्या हातात गोष्ट आहे तो कोण, दोघांचं नातं किती जवळचं, आणि त्यावरून देणारा काय ठरवतो. यात अहंकारापेक्षा हिशोब जास्त आहे.

चूक दाखवण्याबद्दल. 1985 साली छिंगताओमधल्या एका डबघाईला आलेल्या फ्रिजच्या कारखान्यात 76 फ्रिज खराब निघाले आणि नवीन मॅनेजर चांग रुइमिन यांनी ते सगळ्या कामगारांसमोर घणाने फोडायला लावले, आणि फोडायला ज्यांनी बनवले होते त्यांनाच उभं केलं. पुढे तोच कारखाना हायर झाला, ज्यांचा आपल्याकडे रांजणगावला प्लांट आहे. चारचौघांत चूक दाखवायची नाही असा नियम असता तर ही गोष्ट चीनमध्ये आजही अभिमानाने सांगितली गेली नसती. पण ते चाललं कशामुळे तेही बघा, फोडायचा हुकूम कारखान्याच्या प्रमुखाने दिला, कोणा एकट्याला बाजूला काढून हिणवलं नाही, आणि त्यांनी स्वतःचाही पगार कापून घेतला. पुण्याहून कॉलवर आलेला गिऱ्हाईक हे करू शकत नाही. त्याचा तो हुद्दाच नाही.

मग गिऱ्हाइकाने काय करायचं? एक केस घेऊ. समजा चाकणच्या एका कंपनीने चीनमधल्या निंगबोच्या टूलरूमला प्लास्टिकच्या एका पार्टचा मोल्ड, म्हणजे साचा, करायला दिला. पहिल्या ट्रायलचे, म्हणजे टी-वनचे, सॅम्पल आले आणि कडेला फ्लॅश आहे, म्हणजे जास्तीचं प्लास्टिक बाहेर आलंय, आणि जाड भागावर सिंक मार्क, म्हणजे खळगे, पडलेत. बहुतेक जण काय करतात, ज्या वीचॅट ग्रुपमध्ये सेल्सची मुलगी, इंजिनिअर आणि मालक (त्यांना तिथे लाओबान म्हणतात) सगळे आहेत तिथेच लाल गोल काढून फोटो टाकतात आणि वर "क्वालिटी अजिबात चालणार नाही" असं लिहितात. तो इंजिनिअर आता मालकासमोर बचाव करत बसणार, मटेरियल तुम्हीच सांगितलं होतं, ड्रॉइंगमध्ये भिंत जाड आहे वगैरे, आणि मूळ प्रश्न तसाच राहणार.

तेच फोटो, तेच लाल गोल, पण आधी एकट्या इंजिनिअरला पाठवायचे. शब्द एकही मवाळ करायची गरज नाही. पॉइंट नंबर, जागा, मोजलेलं माप, ड्रॉइंगवरचं माप, एवढंच टेबलात लिहायचं आणि विचारायचं की याचं कारण तुला काय वाटतं, क्लॅम्पिंग कमी पडतंय की पार्टिंग लाईन नीट बसत नाहीये, आणि तुझं उत्तर आलं की मी लिस्ट ग्रुपवर टाकतो. दोन दिवस द्यायचे. मग ग्रुपवर जी लिस्ट जाते तिच्यात प्रत्येक चुकीच्या शेजारी त्याने सुचवलेला उपाय आणि तारीख असते. मालकाला चूक दिसतेच, काहीही लपवलेलं नाही, पण सोबत आपला माणूस कामाला लागलाय हेही दिसतं. हा इंजिनिअर पुढच्या वेळी तुम्हाला अडचण स्वतःहून आणि लवकर सांगणार, आणि तुम्हाला तेच तर हवंय.

याला मर्यादा आहे. सांगितलेल्या ग्रेडऐवजी हलकं स्टील वापरलं असेल तर ते म्येनझीचं प्रकरणच नाही, ती फसवणूक आहे, आणि तिथली माणसंही तिला फसवणूकच म्हणतात. तिथे मान राखत बसू नका, करार काढा. पण स्टीलचं सर्टिफिकेट आणि हार्डनेसची तपासणी हे ऑर्डर देतानाच लिहून घेतलं असेल तर तपासायला माणूस गेला तरी कोणाला अपमान वाटत नाही, कारण ती सगळ्यांसाठीची पद्धत असते. मध्येच संशय आला म्हणून माणूस पाठवला की त्याचा अर्थ वेगळा होतो.

आता त्या "हो" बद्दल, आणि या मुद्द्याचा मला सगळ्यात राग येतो कारण एका अख्ख्या देशाला खोटारडं ठरवून मोकळं व्हायचं हा आळस आहे. तोच मोल्ड घ्या. तुम्ही कॉलवर आठ जणांसमोर विचारलं, 20 तारखेला मिळेल ना? मालक शेजारी बसलाय. सेल्सच्या मुलीने नाही म्हणायचं म्हणजे मालकासमोर आपल्याच कारखान्याला जमत नाही असं सांगायचं. ती म्हणते "यिंगकाय मेइ वन्थी", प्रॉब्लेम यायला नको. तिने हो म्हटलेलंच नाही, तुम्ही ते हो ऐकलंत. तसंच "जिनल्यांग" म्हणजे होईल तेवढं करतो, आणि "यान्जिउ यान्जिउ", जरा अभ्यास करतो, याचा अर्थ तर बहुतेक वेळा "नाही" असाच असतो. तिथल्या तिथे हे सगळ्यांना कळतं, कोणी फसवलं जात नाही.

ओळखायचं कसं? खरं हो असलं की पाठोपाठ प्रश्न येतात. कलर मास्टरबॅच कोण देणार, सॅम्पल किती, ट्रायलला कोण येणार. तारखेला नुसती मान डोलली आणि पुढे एकही प्रश्न नाही, तर समजा की अडलंय. मग तारीख पुन्हा विचारू नका, पायऱ्या विचारा. स्टील आलं का, मशीनवर कधी चढणार, टी-वन कोणत्या आठवड्यात. आणि खरं उत्तर हवं असेल तर कॉल संपल्यावर त्या मुलीला एकटीला मेसेज करा, आणि नाही म्हणायची वेळच येणार नाही असं विचारा: सुट्टीच्या आधी देता येईल की सुट्टीनंतरचं धरू, दोन्ही चालेल, मला फक्त इथलं प्लॅनिंग करायचंय. चिनी नववर्षाच्या आसपास तर हे कराच, कारण सरकारी सुट्टी आठवडाभराची असली तरी कामगार आधी निघतात आणि उशिरा परततात, कारखाना दोन-तीन आठवडे थंड असतो. अशा मेसेजला बऱ्याचदा पाच मिनिटांत सरळ उत्तर येतं.

दारूचं थोडक्यात. नाकारता येते, रोज लोक नाकारतात. दारू पिऊन गाडी चालवणं 1 मे 2011 पासून तिथे फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे गाडी आहे म्हटलं की कोणी आग्रह करत नाही, आणि चहाचा कप उचलून टोस्ट करायला त्यांच्याकडे ठरलेला वाक्प्रचारच आहे, "यी छा ताय ज्यू", दारूच्या जागी चहा. फक्त पहिल्याच फेरीला सांगा आणि सगळ्यांशी सारखंच वागा. एका मॅनेजरबरोबर प्यायलात आणि दुसऱ्याला नाही म्हणालात तर मात्र त्याचा मान गेला. मोठ्या माणसाशी ग्लास लावताना आपला ग्लास जरा खाली धरला तर त्यात दारू आहे की चहा याला फार महत्त्व राहत नाही. जबरदस्तीबद्दल म्हणाल तर 2020 मध्ये बीजिंगमधल्या एका बँकेच्या जेवणात नवीन कर्मचाऱ्याने साहेबाचा प्याला नाकारला म्हणून त्याला थोबाडीत मारलं गेलं, आणि देशभर लोक त्या कर्मचाऱ्याच्या बाजूने उभे राहिले, बँकेला माफी मागावी लागली. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी मात्र एक करा, टेबलावर बसल्यावर सांगू नका. पंधरा पदार्थ आल्यावर यातलं मी काहीच खात नाही म्हटलं की यजमान सगळ्यांसमोर उघडा पडतो. दोन दिवस आधी मधल्या माणसाकरवी कळवा, तो व्यवस्थित सोय करतो.

राहिलं ते नातं कायमचं संपण्याचं. दुरुस्ती होते, पण जिथे गेलं तिथेच भरावं लागतं. ग्रुपवर बोललात आणि नंतर एकट्याला सॉरीचा मेसेज टाकलात तर फार उपयोग नाही, ज्यांनी ऐकलं त्यांना ते सॉरी दिसलंच नाही. वरच्या केसमध्ये तुम्ही ती घाई करून बसला असाल तर टी-टू ची वाट बघा, फ्लॅश गेला असेल तर मालक हजर असलेल्या कॉलवर त्याच इंजिनिअरला सांगा की हे कसं केलंत ते आमच्या टीमला जरा समजावून सांगा, आणि मध्ये न तोडता त्याला पाच मिनिटं बोलू द्या. खोटं कौतुक करू नका, तिथे ते लगेच ओळखतात. काम खरंच सुधारलं असेल तरच हे करा, आणि सुधारलं नसेल तर टी-थ्री पर्यंत थांबा.