‘भेटणार आहे’ म्हणजे दर वेळी ‘विल’ नव्हे

इंग्रजीतला भविष्यकाळ म्हणजे ‘विल’, हे शाळेत इतके पक्के ठसवले जाते की मनात ‘भेटणार आहे’ आले की तोंडून ‘आय विल मीट’ आपोआप निघते. असे वाक्य व्याकरणात बसते, त्यामुळे कोणी टोकतही नाही. ऐकणाऱ्याचा मात्र गैरसमज होऊ शकतो.

माझ्या बाबतीत झाला तो असा. एका परदेशी सहकारी बाईंनी गुरुवारी चार वाजता बैठकीला याल का, असे विचारले. त्या वेळेला डॉक्टरांची भेट मी आठवडाभर आधी ठरवून ठेवली होती. मी म्हणालो, ‘सॉरी, आय विल सी द डॉक्टर ॲट फोर.’ त्यावर त्यांनी सहज सुचवले, ‘मग डॉक्टरांकडे शुक्रवारी जाल का?’ मला ते जरा उद्धटपणाचे वाटले, पण दोष माझ्याच वाक्याचा होता. आपल्या बेताबद्दल बोलताना ‘विल’ वापरले, की निर्णय बोलता बोलता झाला असे सहसा ऐकू येते. म्हणजे ती त्यांना आयत्या वेळी काढलेली सबब वाटली असणार, आणि सबब तर हलवता येते.

‘आय ॲम सीइंग द डॉक्टर ॲट फोर’ एवढे म्हटले असते, तर वेळ घेतलेली आहे आणि पलीकडे दुसरा माणूसही त्यात बांधलेला आहे, हे न सांगता कळले असते. ‘आय ॲम गोइंग टु सी अ डॉक्टर’ हे दोन्हींच्या मधले: गुडघा दुखतो आहे, दाखवायचे मनाशी ठरले आहे, पण फोन अजून केलेला नसेलही. शेवटच्या दोन रूपांतली सीमा पुसट आहे आणि पुष्कळदा दोन्ही चालतात. मात्र चालू वर्तमानकाळात ‘ॲट फोर’सारखा काळ सांगणारा शब्द किंवा तसा संदर्भ नसेल, तर बोलणे आत्ताचेच वाटते.

या तिन्ही रूपांना खात्रीच्या चढत्या पायऱ्या मानणे मला पटत नाही. ‘द सन विल राइज ॲट सिक्स’ यात शंकेला जागा कुठे आहे? फरक खात्री कशाच्या आधारावर आहे, याचा आहे. आभाळ भरून आलेले दिसते तेव्हा ‘इट इज गोइंग टु रेन’ म्हणतात, कारण पुरावा समोर आहे. नुसता अंदाज असेल तर ‘आय थिंक इट विल रेन’. ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ मात्र खटकते, कारण पावसाशी वेळ ठरवून ठेवता येत नाही.

आणि दाराची घंटा वाजल्यावर उठता उठता म्हणायचे ते ‘आय विल गेट इट’च. तिथे ‘आय ॲम गोइंग टु गेट इट’ म्हटले, तर घंटा वाजण्याआधीपासूनच दार उघडायचे ठरवून बसल्यासारखे वाटते.