पूर्णविरामाभोवती लाल गोल

आज लेकीची वही तपासून घरी आली आणि माझं डोकं फिरलं. तिसरीतल्या पोरीचा निबंध, विषय 'माझा आवडता प्राणी'. तिनं पहिलंच वाक्य लिहिलं होतं, "माझ्या गोगलगायीचे नाव पूर्णविराम आहे." बाईंनी 'पूर्णविराम' शब्दाला लाल गोल करून समासात लिहिलं आहे, "येथे चिन्ह द्यावे, शब्द लिहू नये."

पोरगी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आई, बाईंनी तिचं नाव का खोडलं?" काय उत्तर देणार मी?

ज्यांना आमच्या टाकीची गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पाच गप्पी मासे आणि एक गोगलगाय. नावं लेकीनं ठेवली, आम्ही ढवळाढवळ केली नाही. त्या आठवड्यात शाळेत विरामचिन्हं चालू होती. एकाची पाठ जन्मतःच जरा वाकडी, तो स्वल्पविराम. झाकण उघडलं की उसळी मारून वर येणारा तो उद्गारचिन्ह. कोपऱ्यात काचेला तोंड लावून तासन्‌तास विचार करत बसणारी ती प्रश्नचिन्ह. दोघे कायम शेजारीशेजारी पोहायचे, ती अवतरणचिन्हं. आणि काचेवरून सरकत सरकत जिथे थांबेल तिथे दिवसभर थांबणारी गोगलगाय, ती पूर्णविराम. मला सांगा, आपल्यापैकी कुणाला इतकं नेमकं सुचलं असतं?

पण मोठ्या माणसांना चैन पडत नाही. घरी येणारा प्रत्येक जण टाकीपुढे उभा राहून, "हे कसलं नाव? सोनू ठेव, पिंकी ठेव," असं म्हणून जातो. अहो, सोनू ठेवून करायचं काय? टाकीत पाच सोनू असले तर आजारी कोणता ते कसं कळणार?

हे मी उगाच म्हणत नाही. आम्ही टाकी आणली त्याच दिवशी पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले. चूक माझी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो त्यांच्यासाठी विषच. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू असतात. ते मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आमची नुकती कुठे बसायला लागली असेल, तेवढ्यात मी स्पंज काळा दिसतो म्हणून नळाखाली चोळून चोळून धुतला. नळाच्या पाण्यात क्लोरिन. स्पंज स्वच्छ झाला आणि जिवाणूही गेले. (स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा असतो, हे मला नंतर कळलं. सगळं नंतरच कळतं.)

पाणी दिसायला काचेसारखं होतं. मला तरी काही वेगळं दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लेक म्हणाली, "आई, उद्गारचिन्ह उडी मारत नाहीये. आणि प्रश्नचिन्ह कोपरा सोडून वर आलीये." जवळ जाऊन पाहिलं तर सगळे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड नेऊन धापा टाकत होते, कल्ले लालसर झालेले. क्लोरिन काढलेलं पाणी तयार करून एक चतुर्थांश पाणी बदललं, मग रोज थोडंथोडं बदलत राहिलो, खाद्य निम्म्यावर आणलं. चार वाचले.

मासा सुस्त झाला की मोठ्या माणसाला 'मासा शांत आहे' एवढंच दिसतं. उद्गारचिन्हानं उडी मारली नाही, हे ज्या पोरीनं ते नाव ठेवलं तिलाच दिसतं. नाव सवयीवरून ठेवलं होतं, म्हणून सवय मोडल्याचं कळलं. रंगावरून ठेवलं असतं तर नसतं कळलं, आणि रंगाचा भरवसा तरी काय! माझ्या मावसभावाच्या घरी गोल्डफिश होता, काळा म्हणून नाव 'डांबर'. वर्षभरात तो नारिंगी झाला. गोल्डफिशमध्ये असं सर्रास होतं. अजूनही त्या नारिंगी माशाला सगळे डांबर म्हणतात, हे मात्र मला मनापासून आवडतं.

चार वाचले म्हणाले ना. पाचवं गेलं ते अवतरणचिन्हांमधलं एक.

इथे कबूल करायला हवं की जोडीची नावं ठेवण्यात धोका असतो. एक गेलं की उरलेल्याचं नाव दरवेळी आठवण करून देतं. लेक संध्याकाळभर टाकीपुढे बसली होती. मग म्हणाली, "आई, आता वाक्य उघडंच राहिलं." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

नवऱ्याचं म्हणणं, ती झोपल्यावर गुपचूप तसाच दुसरा मासा आणून सोडू. मला पटलं नव्हतं, पण मीही गप्प बसले. आणला. तसाच निळा, तशीच शेपटी. शिवाय नीट न बसलेल्या टाकीत आणखी एक मासा, म्हणजे माझी दुसरी चूक. सकाळी लेकीनं पाच मिनिटं पाहिलं. नवीन मासा जुन्याच्या शेजारी जाईना, एकटाच टाकीभर फिरायचा. ती म्हणाली, "हे अवतरण नाहीये. हा कंस आहे."

बस्स. पोरांना फसवता येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या टाकीपुढे येऊन उभं राहावं.

आणि पुढे जे झालं ते मी रचून सांगतेय असं वाटेल. प्रश्नचिन्हाचं पोट फुगू लागलं, शेपटीच्या अलीकडे काळा डाग गडद झाला. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, महिन्याभरात एकदा. मादी नराचं बीज साठवूनही ठेवते, त्यामुळे नर वेगळा काढला तरी पुढे काही महिने पिल्लं होत राहतात. एका सकाळी टाकीत पापणीच्या केसाएवढी वीस-बावीस पिल्लं. आणि गप्पी आपली पिल्लं खातात. त्या दिवशी सगळ्यात जास्त पिल्लं कुणी खाल्ली असतील? कंसानं. पोरीला मामाची गोष्ट माहीत होती, पण नाव ठेवताना तिच्या डोक्यात फक्त व्याकरणाचा कंस होता. आम्ही तिघे टाकीपुढे उभे राहून हसावं की ओरडावं या विचारात. शेवटी कंसाला जाळीत कोंडलं आणि शेवाळाच्या झुबक्यात लपलेली नऊ पिल्लं वाचली.

विरामचिन्हं तिच्यापुरती संपली होती, म्हणून पिल्लांना बाराखडी. क, का, कि, की... नऊ पिल्लांना पुरून उरली. आता खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे सगळी पिल्लं एकसारखी करडी असतात, 'कु' कोण आणि 'कू' कोण ते खुद्द तिलाही सांगता येत नव्हतं. ठीक आहे, मान्य. पण नावांचा धागा धरायचाच तर तो असा लांबणारा हवा. शेजारच्या मुलानं ग्रहांची नावं ठेवली होती. तिथे आठ झाले की संपलं, आणि नववा आणून प्लूटो म्हणावं तर २००६ साली त्यालाच ग्रहांतून काढलेलं.

त्याहून वाईट धागा नातेवाइकांचा. एका मैत्रिणीच्या मुलानं कौतुकानं माशांना मामा, आत्या, काका अशी नावं दिली. घरात सगळे खूश. मग एके दिवशी आत्याचा फोन आला आणि त्यानं फोन उचलून सांगितलं, "आत्या मेली. सकाळपासून पोट वर करून तरंगतेय." नातेवाइकांची नावं ठेवू नका. मी हात जोडते.

पूर्णविराम हे नाव खरं तर कासवासाठी राखून ठेवलं होतं. लेकीला कासवच हवं होतं. आम्ही आणलं नाही. कितीतरी जातींची कासवं घरी पाळायला कायद्यानं बंदी आहे, आणि जी चालतात त्यांतलीही बरीच कित्येक दशकं जगतात. म्हणजे पाळायचं तिनं, तिच्या मुलांनी, आणि नाव ठेवायचं आठव्या वर्षी! पण नाव तयार होतं, ते गोगलगायीला मिळालं. त्यावरही एका पाहुण्यांनी शिकवलं, "गोगलगाय ती, पूर्णविराम तो, नाव चुकलं." अहो काका, सेंट हेलेना बेटावर जोनाथन नावाचं महाकाय कासव आहे, जन्म १८३२च्या सुमाराचा मानतात. त्याला १९९१ मध्ये फ्रेडरिका नावाची जोडीदारीण आणून दिली. २०१७ मध्ये लक्षात आलं की ती तो आहे. सव्वीस वर्षं! इंग्लंडमधल्या टिमथी नावाच्या कासवाचं तर १९२६ मध्ये कळलं की ती मादी आहे. पिल्लू असताना कासवाचा नर-मादी ओळखताच येत नाही. वाढल्यावर नराची शेपटी लांब-जाड दिसते, पोटाकडचं कवच जरा खोलगट होतं, तेव्हा कुठे अंदाज येतो. राजा-राणी ठेवणारे तिथे फसतात. पूर्णविराम फसत नाही, काका.

तर ती वही. मी रागारागानं बाईंना चिठ्ठी लिहायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या, फाडल्या. चाळीस वह्या तपासताना त्या माउलीला कसं कळणार की हे नाव आहे? कळायला हवं होतं, पण ठीक आहे. शिवाय अवतरणात लिहिलं असतं तर घोळ झाला नसता, असं मी लेकीला म्हणाले, आणि म्हणताना जीभ चावली. ती टाकीकडे बघत होती. एकटं अवतरण आता प्रश्नचिन्हाच्या कोपऱ्यात जाऊन बसतं.

मग तिनं खोडरबर काढला, लाल गोलातला शब्द नीट खोडला, आणि बाईंनी सांगितलं तसं केलं. आता निबंधाचं पहिलं वाक्य असं आहे:

"माझ्या गोगलगायीचे नाव . आहे."

वही उद्या परत जातेय.