राक्षस गणाच्या मुलीला घाबरवणाऱ्या मेसेजबद्दल

"सावधान! मुलगी राक्षस गणाची आणि मुलगा मनुष्य गणाचा असेल तर चुकूनही लग्न ठरवू नका. राक्षस गणाच्या मुली तापट आणि क्रूर असतात. अशा लग्नात नवऱ्याच्या जिवाला धोका असतो, हे शास्त्रात स्पष्ट लिहिलंय. बाकी गुण कितीही जुळले तरी उपयोग नाही. स्थळ बघताना आधी गण विचारा."

गेली वीस-बावीस वर्षं मी नात्यातल्या, ओळखीतल्या पत्रिका जुळवून देते, त्यामुळे हा मेसेज माझ्याकडे चार-पाच जणांनी पाठवला. एकेक वाक्य घेऊन बोलते.

शास्त्राचं आधी. मुहूर्तचिंतामणी हा इ.स. १६०० मध्ये राम दैवज्ञांनी काशीत लिहिलेला ग्रंथ. त्यात गणांबद्दलचा श्लोक आहे: स्वतःच्याच गणात उत्तम प्रीती, देव-मनुष्यात मध्यम, देव-राक्षसात वैर आणि मनुष्य-राक्षसात मृत्यू. म्हणजे तो भीतीदायक शब्द तिथे आहे, ते मी नाकारत नाही. पण श्लोक जोडीबद्दल बोलतो. त्यात मुलीला वेगळं काढलेलं नाही, मरणारा नवराच असंही नाही. मुलगा राक्षस गणाचा आणि मुलगी मनुष्य गणाची असली तरी आपल्याकडच्या बहुतेक कोष्टकांत गणाला शून्यच मिळतो. तरी "राक्षस गणाचा मुलगा नको" असं म्हणत आलेला एकही बाप मला भेटलेला नाही. हा दोष आपण मुलीच्या माथी मारलाय.

आणि त्याच ग्रंथात, त्याच प्रकरणात पुढे सांगितलंय की दोघांच्या राशींचे स्वामी मित्र असतील, किंवा नवांशांचे स्वामी मित्र असतील, तर गणदोष धरायचा नाही. मेसेज लिहिणाऱ्याने पहिला श्लोक घेतला आणि हा सोडला.

म्हणूनच "बाकी गुण कितीही जुळले तरी उपयोग नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. एक खरी पत्रिका सांगते. मुलगी मघा नक्षत्राची, राक्षस गण. मुलगा पूर्वा फाल्गुनीचा, मनुष्य गण. दोघांची रास सिंह. वर्ण एकच, म्हणून १ पैकी १. वश्य एकच, २ पैकी २. तारा मुलीकडून मोजली तर दुसरी, मुलाकडून मोजली तर नववी. दोन्ही शुभ, म्हणून ३. योनी दोघांचीही मूषक, म्हणून ४. राशीचा स्वामी दोघांचाही सूर्य, त्यामुळे ग्रहमैत्रीचे पूर्ण ५. रास एकच, म्हणून राशिकूटाचे ७. मघाची नाडी अंत्य आणि पूर्वा फाल्गुनीची मध्य, म्हणून नाडीचे ८. गणाला मात्र शून्य. बेरीज ३६ पैकी ३०. अठरा गुणांना हो म्हणणारी घरं इथे तीस गुणांना नाही म्हणाली. आणि राशीचा स्वामी एकच असताना गणदोष धरायचाच नाही, असं खुद्द ते शास्त्र मानणारे सांगतात.

आता स्वभावाचं. गण ठरतो फक्त जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात होता त्यावरून. सत्तावीस नक्षत्रांची नऊ-नऊची तीन वाटणी आहे. कृत्तिका, आश्लेषा, मघा, चित्रा, विशाखा, ज्येष्ठा, मूळ, धनिष्ठा आणि शततारका ही नऊ राक्षस गणाची. यांच्या देवता बघा: कृत्तिकेचा अग्नी, ज्येष्ठेचा इंद्र, शततारकेचा वरुण, धनिष्ठेचे वसू, मघाचे पितर. यमाची भरणी मात्र मनुष्य गणात आहे. ज्या नक्षत्राची देवता इंद्र, त्यात जन्मलेली मुलगी क्रूर कशी ठरते, हे मला कुणी समजावून सांगावं.

वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात चारही भावांची नक्षत्रं दिली आहेत. रामाचं पुनर्वसू, म्हणजे देव गण. लक्ष्मण आणि शत्रुघ्नाचं सार्प, म्हणजे आश्लेषा, राक्षस गण. लक्ष्मण तापट होता असं कुणी म्हणेल. पण क्रूर? चौदा वर्षं भावाच्या मागे वनात राहिलेल्या माणसाला क्रूर म्हणायची हिंमत आपल्यातल्या कुणाची होणार नाही. शेजारच्या मघा किंवा विशाखावाल्या मुलीला मात्र आपण बिनधास्त म्हणतो.

चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे त्या दिवसभरात जगात जी जी मुलं जन्मतात, त्या सगळ्यांचा गण एकच. एकाच प्रसूतिगृहात एकाच रात्री जन्मलेल्या चार बाळांचे स्वभाव सारखे निघाले, असं कुठल्या आईने पाहिलंय? शिवाय आपल्याच महाराष्ट्रात दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांचे अयनांश, म्हणजे राशिचक्र कुठून सुरू होतं ते ठरवणारे अंश, सुमारे चार अंशांनी वेगळे आहेत. नक्षत्र तेरा अंश वीस कलांचं. त्यामुळे दहापैकी तीनेक जन्मांचं नक्षत्र पंचांग बदललं की बदलतं, आणि हस्ताची चित्रा झाली तर देव गणाचा राक्षस गण होतो. बाळ तेच, जन्मवेळ तीच.

"नवऱ्याच्या जिवाला धोका" याचा हिशेब करायला तर पंचांगही लागत नाही. नऊ नक्षत्रं राक्षस गणाची, म्हणजे साधारण दर तीन माणसांत एक. गण न बघता लग्नं झाली तर मुलगी राक्षस गणाची आणि मुलगा मनुष्य गणाचा, अशी जोडी नऊपैकी एक निघते. शंभरात अकरा. जिथे पत्रिका बघतच नाहीत अशी लाखो घरं आपल्या आजूबाजूला आहेत, आणि तिथे दर नऊ जोडप्यांत एक नवरा अकाली जातो असं काही दिसत नाही. तसं होत असतं तर कळायला ज्योतिषी लागला नसता.

आश्लेषा सासूला, मूळ सासऱ्याला, ज्येष्ठा थोरल्या दिराला आणि विशाखा धाकट्या दिराला वाईट, ही वेगळीच समजूत आहे. ही चारही नक्षत्रं राक्षस गणाची असल्यामुळे लोक ती गणातच मिसळतात आणि भीती दुप्पट होते. तिचा गणाशी संबंध नाही.

वरची मघाची पत्रिका माझ्याकडे आली तेव्हा तिच्या बायोडाटावर "गण" या शब्दापुढे व्हाइटनर लावलेला होता. बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, आधीचं स्थळ गणावरून गेलं. म्हणून या वेळी लिहिलाच नाही." वरच्याच ओळीत नक्षत्र "मघा" असं ठळक छापलेलं होतं. पंचांग उघडणाऱ्याला गण तिथूनच कळतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मुलगी शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिने आपल्या पर्समधून पेन काढलं, व्हाइटनरवर "राक्षस" असं लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. त्याच कागदाच्या मागे मी आठही कूटांचे गुण मांडले, आणि पुढच्या स्थळाला दोन्ही बाजू दाखवायला सांगितल्या.