वीसपैकी अठरा, तरी नापास

प्रथमोपचाराच्या प्रात्यक्षिक परीक्षेबद्दल एकाचा मेसेज आला: "छाती दाबणं, पट्टी बांधणं हे हातचं काम. अनुभवी परीक्षकाला नुसतं पाहून कळतं, तिथे घड्याळ कशाला? आणि वीसपैकी अठरा पायऱ्या बरोबर केलेल्या पोराला नापास करणं हा शुद्ध अन्याय आहे."

आधी नजरेचं बघू. समजा, मे महिन्यात नागपुरातल्या एखाद्या कॉलेजच्या हॉलमध्ये दोन पोरं पुतळ्याची छाती दाबताहेत. पहिला घामाघूम, हात सपासप चाललेत. दुसरा जरा सुस्तच वाटतो. टाळ्या पहिल्यालाच पडणार. आता स्टॉपवॉच बघा: पहिल्याने 30 दाब 10 सेकंदांत उरकले, म्हणजे मिनिटाला 180. दुसऱ्याला 17 सेकंद लागले, म्हणजे साधारण 106. मोठ्या माणसाला हवेत 100 ते 120, म्हणजेच 30 दाबांना 15 ते 18 सेकंद. घाई केली की दाब उथळ पडतात, छाती पूर्ण वर यायच्या आत पुढचा दाब बसतो आणि हृदयात रक्त भरायला सवडच मिळत नाही. खोली 5 ते 6 सेंटिमीटर आहे की नाही, हे तर लांबून कळतही नाही. त्यासाठी पुरेसं दाबल्यावर 'टक्' वाजणारा पुतळा लागतो. (मित्राला झोपवून त्याच्यावर प्रात्यक्षिक करायचं नसतं, हेही सांगून ठेवतो.)

आता अन्यायाचं. दोन पायऱ्या चुकल्या, पण कोणत्या? स्वतःची ओळख दिली नाही आणि पट्टीचं टोक नीट खोचलं नाही, तर दोन गुण गेले, पोरगा पास. पण श्वास तपासलाच नाही आणि 108 ला फोन करायला कुणाला सांगितलं नाही, तर बेरीज तीच अठरा, आणि रस्त्यावर मदत येणारच नाही. म्हणून अशा पायऱ्यांपुढे 'ही चुकली की नापास' अशी खूण आधीच करायची आणि ती परीक्षार्थीला दाखवायची. चांगला परीक्षक इथे हळूच म्हणतो, "पेशंट अधूनमधून आचके देतोय." पोरगा "म्हणजे श्वास चालू आहे" म्हणत थांबला, तर ती पायरी गेली, आचके म्हणजे श्वास नव्हे, दाबायला सुरुवात करायला हवी. मात्र वीसच्या वीस पायऱ्यांना खूण करणारेही महाभाग असतात. त्यांच्या बाबतीत मेसेजवाल्याचा राग रास्त आहे.

पट्टीच्या घड्याळाबद्दलही त्याचं अर्धं खरं आहे. वाहत्या जखमेवर थेट दाब लगेच पडला का, एवढंच सेकंदांत मोजावं. गुंडाळायला ऐसपैस वेळ द्यावा, नाहीतर पोट्टे करकचून आवळतात. बांधून झाल्यावर बोटं तपासणं मात्र खुणेचीच पायरी. परीक्षकाने स्वतः पेशंट झालेल्या मुलाचं नख दाबून सोडावं. साधारण 2 सेकंदांत ते परत गुलाबी व्हायला हवं. नाही झालं, पण पोराने स्वतःच ओळखून पट्टी सैल करून पुन्हा बांधली, तर त्या पायरीचे पूर्ण गुण द्यावेत.